अवयव पाडायला टाइल्स: दहावीच्या वर्गातल्या नोंदी

१ जुलै

वर्गसमीकरणं सुरू व्हायच्या आधी अवयव पक्के करून घ्यायचे म्हणून यंदा टाइल्स वापरायचं ठरवलंय. दरवर्षी काय होतं ते माहितीये, x² + 5x + 6 दिलं की मुलं "गुणाकार ६, बेरीज ५" असं पाठ म्हणतात, २ आणि ३ काढतात आणि (x + 2)(x + 3) लिहून मोकळी होतात. पण २ आणि ३ चा गुणाकार का घ्यायचा आणि बेरीज का घ्यायची हे विचारलं तर वर्ग गप्प. आणि 2x² आलं की तीच मुलं अडकतात, कारण ते पाठ केलेलं वाक्य तिथे तसंच्या तसं चालत नाही.

आज फक्त कापाकापी. जाड कार्डशीट, स्टीलची पट्टी, कटर. तीन आकार: मोठा चौरस म्हणजे x², लांब पट्टी म्हणजे x, छोटा चौरस म्हणजे १. छोट्याची बाजू २ सेंमी घेतली, पट्टी १० बाय २, मोठा चौरस १० बाय १०. वर्गात ३६ मुलं, चौघांचा एक गट, म्हणजे ९ संच. एका संचात ४ मोठे चौरस, १२ पट्ट्या, २० छोटे चौरस. एकूण ३२४ तुकडे. दोन संध्याकाळी गेल्या. छोटे चौरस कापायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आधी २ सेंमीच्या लांब फिती काढून घ्या आणि मग पाच-सहा फिती एकावर एक धरून तुकडे करा, मी पहिले चाळीस एकेक करून कापले आणि त्यातले निम्मे वाकडे आले.

३ जुलै

पहिला तास. नियम सांगितले: दिलेले सगळे तुकडे वापरून एक आयत करायचा, मध्ये फट नको, तुकडा तुकड्यावर चढवायचा नाही. आयत झाला की त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन अवयव. x² + 3x + 2 आणि x² + 4x + 3 सगळ्यांना पटापट जमलं.

मग मुद्दाम x² + 5x + 5 दिलं. याचा आयत होत नाही आणि "होत नाही" हे त्यांनी स्वतः शोधावं असा माझा बेत होता. पाच मिनिटांत एका गटाने हात वर केला, झाला म्हणाले. जाऊन बघितलं तर खरंच झालेला, एकदम नीट, कुठे फट नाही! मोठा चौरस, त्याच्या उजवीकडे पाच उभ्या पट्ट्या आणि शेवटी पाच छोटे चौरस एकाखाली एक. उंची १० सेंमी, रुंदी २२ सेंमी. वरची बाजू x + 6, डावी बाजू x, म्हणून उत्तर x(x + 6).

चूक पूर्णपणे माझी. पट्टी १० सेंमी आणि छोटा चौरस २ सेंमी, म्हणजे पाच छोटे बरोब्बर एका x एवढे. त्या पाच एककांनी सहाव्या पट्टीचं सोंग घेतलं. मुलांना फळ्यावर गुणाकार करायला लावला, x(x + 6) म्हणजे x² + 6x, आपल्याकडे तर x² + 5x + 5 होतं. तरी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण बसतंय ना बरोबर." तिचं म्हणणं बरोबरच होतं, समोर जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवा असं मीच सांगितलं होतं. तिच्या टेबलावर x म्हणजे ५ होता, आणि x = 5 घातलं तर दोन्हीचं उत्तर ५५ येतंच.

तास तिथेच थांबवला. जो कोणी टाइल्स करेल त्याने ही एक गोष्ट आधी बघा: x ची लांबी छोट्या चौरसाच्या पटीत अजिबात नको.

४ जुलै

सगळं टाकून द्यावं लागेल असं वाटलं होतं, पण नाही. छोटे चौरस तसेच ठेवले आणि पट्ट्या १० वरून ८.६ सेंमीवर छाटल्या. मोठ्या चौरसाच्या दोन बाजू छाटल्या. म्हणजे १०८ पट्ट्यांना एकेक काप आणि ३६ चौरसांना दोन-दोन, एकूण १८० काप, साधारण अडीच तास.

८.६ का? चार छोटे ठेवले की ८ होतात, पट्टीपेक्षा ०.६ ने कमी, आणि पाच ठेवले की १०, म्हणजे १.४ ने बाहेर. दोन्हीकडे फरक डोळ्याला लगेच दिसतो. ८.२ केलं असतं तर चार छोटे जवळजवळ बसले असते आणि मुलांनी हाताने दाबून बसवले असते, हे मला माहितीये. तीन पट्ट्या सलग ठेवल्या की २५.८ होतात आणि तेरा छोटे २६, तिथे गफलत होऊ शकते, पण तेरा छोटे एका ओळीत मांडायची वेळ आपल्यावर येत नाही.

७ जुलै

त्याच गटाला पुन्हा x² + 5x + 5 दिलं. पाच छोटे १.४ सेंमी बाहेर आले, बघितल्याबरोबर त्यांनी स्वतःच काढून टाकले. बरं वाटलं.

पण आज नवीन अडचण. x² + 5x + 6 चा आयत सगळ्यांचा बरोबर, मोठा चौरस वर डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे तीन उभ्या पट्ट्या, खाली दोन आडव्या, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात २ बाय ३ असे सहा छोटे. आणि वहीत अवयव काय लिहिले, तर (x² + 3x)(x² + 2x). एक-दोघांनी नाही, नऊपैकी चार गटांनी.

विचार केल्यावर लक्षात आलं की मुलं वरच्या ओळीतले तुकडे मोजतायत, एक मोठा चौरस आणि तीन पट्ट्या, म्हणून x² + 3x. त्यांच्या डोक्यात तुकड्याचं नाव म्हणजे त्याचं क्षेत्रफळ, आणि आपल्याला हवीये कडेची लांबी. पट्टीचं नाव x, पण तिची आखूड कड १. ही गोष्ट मी कधी तोंडाने सांगितलीच नव्हती, मला ती इतकी उघड वाटत होती.

उपाय दोन केले. एक, मुंगी. आयताच्या वरच्या कडेवरून मुंगी डावीकडून उजवीकडे चालली तर ती किती चालेल? मोठ्या चौरसावर x, मग पट्टीच्या टोकावर १, पुन्हा १, पुन्हा १. x + 3. डाव्या कडेवरून खाली उतरली तर x, १, १. दुसरं, काठपट्ट्या. उरलेल्या शीटमधून अर्धा सेंमी रुंदीच्या बारीक फिती काढल्या, काही ८.६ लांब आणि काही २ लांब, आणि आयताच्या बाहेरून कडेला लावायला सांगितल्या. आधी कड भरायची, मग अवयव लिहायचे. ही चूक पुढच्या तासात एका गटात दिसली आणि मग गेली.

९ जुलै

आजचा तास सगळ्यात चांगला झाला.

x² + 8x + 12 दिलं आणि नुसती बघत फिरले. बहुतेक गट पट्ट्यांपासून सुरुवात करतात, चार इकडे चार तिकडे लावतात आणि मग छोटे बारा कोपऱ्यात कोंबायला बघतात. चार-चार लावल्या की कोपऱ्यात ४ बाय ४ ची जागा तयार होते, १६ लागतात, आपल्याकडे १२. मग पाच-तीन, १५ लागतात, तेही नाही. मग सहा-दोन आणि जमतं. सात-आठ मिनिटं.

एका गटाने मात्र पट्ट्यांना हातच लावला नाही. त्यांनी आधी बारा छोट्यांचे आयत करून बघितले: १ बाय १२, २ बाय ६, ३ बाय ४. आणि प्रत्येकाला किती पट्ट्या लागतील ते तोंडी काढलं, १३, ८, ७. आपल्याकडे आठ आहेत, म्हणजे २ बाय ६. दीड मिनिटात उत्तर. मी त्यांना पुढे बोलावून सगळ्यांसमोर करून दाखवायला लावलं, आणि एकाने विचारलं की पट्ट्या किती लागतील हे न लावता कसं कळलं. त्या मुलीचं उत्तर जसंच्या तसं: "छोट्यांच्या आयताच्या डोक्यावर जेवढे छोटे, तेवढ्या उभ्या पट्ट्या त्याच्यावर येणार, आणि बाजूला जेवढे, तेवढ्या आडव्या. म्हणून लांबी अधिक रुंदी."

हेच. गुणाकार १२ कारण छोट्यांचा आयत १२ चा आहे, आणि बेरीज ८ कारण त्या आयताची लांबी आणि रुंदी मिळून जेवढी होते तेवढ्याच पट्ट्या त्याला टेकून बसतात. तेच दोन आकडे दोन वेगवेगळी कामं करतात. मी इतकी वर्षं हे नियम म्हणून शिकवत आले, चित्र म्हणून आज वर्गाने बघितलं.

तेव्हापासून वर्गाचा नियम ठरला: छोटे आधी, पट्ट्या नंतर.

११ जुलै

x² + 5x + 3. छोट्यांचा एकच आयत, १ बाय ३, लागणार ४ पट्ट्या, आहेत ५. एक उरते. सगळ्या शक्यता संपल्या म्हणून आयत होत नाही, इथवर वर्ग स्वतः आला, आणि सगळ्या शक्यता तपासल्या म्हणून आपण खात्रीने बोलू शकतो हेही त्यांना कळलं.

मग एकाने लिहिलं, "x² + 5x + 3 = 0 ला उत्तर नाही." हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, कारण पुढे सूत्र शिकायचंय. टाइल्स फक्त पूर्णांक सहगुणक असलेले अवयव दाखवतात. इथे b² − 4ac म्हणजे 25 − 12 = 13 येतं, तो पूर्ण वर्ग नाही पण शून्यापेक्षा मोठा आहे, म्हणजे मुळं दोन आहेत, फक्त त्यांच्यात √13 येतो आणि √13 लांबीची टाइल आपल्या डब्यात नाही. "डब्यात नाही" आणि "जगात नाही" यातला फरक म्हणा, असं सांगितलं. पुढच्या वेळी मी हे त्याच दिवशी, त्याच श्वासात सांगेन, मूल चुकेपर्यंत थांबणार नाही.

१४ जुलै

ऋण पदं. आधी रंगांची तयारी. पट्ट्या आणि छोट्यांच्या मागे लाल घोटीव कागद चिकटवायचं ठरवलं, पांढरी बाजू धन आणि लाल बाजू ऋण. एक संच केला आणि रात्रभर वाळवला, सकाळी सगळ्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. एकाच बाजूने ओला कागद लागला की वाळताना तो शीटला ओढतो. आधी कळलं असतं तर कापायच्या आधीच अख्ख्या शीटच्या दोन्ही बाजूंना कागद लावला असता, मग दोन्हीकडून सारखी ओढ बसते. आता उपाय म्हणून चिकटवणं सोडलं आणि वर्गातच मुलांना लाल खडू-रंगाने मागची बाजू रंगवायला लावली. २८८ तुकडे, ३६ मुलं, वीस मिनिटं. स्केचपेन नको, घामाच्या हाताला लागतो आणि दुसऱ्या बाजूला डाग उमटतो.

१६ जुलै

x² + x − 6. टेबलावर एक मोठा चौरस, एक पांढरी पट्टी, सहा लाल छोटे. सवयीप्रमाणे छोटे आधी: २ बाय ३ लाल आयत. त्याला टेकायला पाच पट्ट्या पाहिजेत, आणि आहे एक.

इथे शून्य जोड्या लागतात. एक पांढरी आणि एक लाल पट्टी मिळून शून्य, ती आत आणली तरी किंमत बदलत नाही. दोन जोड्या आणल्या: आता तीन पांढऱ्या, दोन लाल. तीन पांढऱ्या एका बाजूला, दोन लाल दुसऱ्या बाजूला, कोपऱ्यात सहा लाल. कड वाचली, x + 3 आणि x − 2. झालं.

सांगायला सोपं, वर्गात तसं नव्हतं. पहिली चूक, जोडीतली पांढरी आणि लाल शेजारी-शेजारी एकाच बाजूला लावणं. मग त्या बाजूला चार पट्ट्या दिसतात पण कडेवर १, १, १ आणि −१, म्हणजे एकमेकींना खाऊन टाकतात, आणि कोपऱ्यातल्या छोट्यांपैकी काही लाल तर काही पांढरे असावे लागतात. म्हणून नियम केला: एका बाजूला एकच रंग. दुसरी चूक, किती जोड्या आणायच्या याचा अंदाज नसल्याने एकेक जोडी आणून बघत बसणं. यावर उपाय तोच, छोट्यांचा आयत आधी. २ बाय ३ म्हटल्यावर पाच पट्ट्या हव्यात हे कळतं, एक आहे, चार कमी, म्हणजे दोन जोड्या. १ बाय ६ घेतला तर सात हव्यात, सहा कमी, तीन जोड्या, मग चार पांढऱ्या आणि तीन लाल होतात, पण बाजूंना सहा आणि एक अशा हव्यात, म्हणून तो बाद.

१७ जुलै

काल तास संपताना एका मुलाने विचारलेला प्रश्न रात्री डोक्यात राहिला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही x − 2 म्हणताय पण ही बाजू तर x पेक्षा लांब दिसतेय. पट्टीने मोजलं तर १२.६ येतंय."

बरोबर आहे. ८.६ अधिक ४. रंग बघून आपण वजा म्हणतो, पण टेबलावरची लांबी वाढलेली असते. धन पदांना "जे दिसतंय ते खरं" आणि ऋण पदांना "रंगावर विश्वास ठेवा" असा अचानक नियम बदलला, आणि तो त्याला खटकला. मला वाटतं ज्यांना खटकत नाही त्यांनी ते समजून न घेता स्वीकारलेलं असतं.

म्हणून आज x² − 5x + 6 वेगळ्या पद्धतीने केलं, तुकड्यावर तुकडा चढवून. पहिल्या दिवशीचा "चढवायचं नाही" हा नियम आज मोडतोय आणि का मोडतोय हे आधी सांगितलं: लाल पट्टी म्हणजे काढून टाकलेली जागा, ती झाकायची.

मोठा चौरस ठेवला. त्याच्या उजव्या कडेला दोन उभ्या लाल पट्ट्या त्याच्यावरच ठेवल्या. उघडा भाग राहिला x − 2 रुंद. आता खालच्या कडेवर तीन आडव्या लाल पट्ट्या ठेवल्या. उघडा भाग x − 2 बाय x − 3. पाच पट्ट्या झाल्या, −5x. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात लालवर लाल चढलंय, २ बाय ३ एवढी जागा दोनदा काढली गेली. एकदाच काढायची होती, म्हणून ती एकदा परत द्यायची: सहा पांढरे छोटे त्या कोपऱ्यावर ठेवले. हेच ते +6.

वर्ग दोन सेकंद शांत होता. ऋण गुणिले ऋण धन का, याचं इतकं सरळ उत्तर मला स्वतःला पुठ्ठ्यावर कधी दिसलं नव्हतं.

कालच्या मुलाने पट्टी घेतली. उघडा भाग ४.६ बाय २.६, म्हणजे ११.९६ चौसेंमी. दुसऱ्या बाजूने, मोठा चौरस ७३.९६, त्यातून पाच पट्ट्यांचे ८६ वजा, सहा छोट्यांचे २४ अधिक, ११.९६. दोन्ही सारखे आले तेव्हा त्याने वही माझ्यासमोर धरली, काही बोलला नाही.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती आजच समोर आली. उत्साहात एका गटाने x² − 7x + 10 घेतलं, (x − 2)(x − 5). पाच पट्ट्यांची रुंदी १० सेंमी आणि मोठा चौरस ८.६, पट्ट्या बाहेर लोंबायला लागल्या. x − 5 आपल्या टाइलवर −१.४ येतो, उघडा भागच उरत नाही. त्यामुळे चढवण्याची पद्धत एका बाजूला चार पट्ट्यांपर्यंतच, आणि ती फक्त चिन्ह का बदलतं हे एकदा पटवून द्यायला. ते पटलं की पुन्हा रंगांच्या मांडणीकडे यायचं, तिथे आकडा कितीही मोठा चालतो.

२१ जुलै

2x² + 7x + 3. ज्यासाठी हे सगळं केलं तो दिवस.

छोटे आधी: तीनचा एकच आयत, १ बाय ३. मोठे चौरस दोन, शेजारी-शेजारी, म्हणजे वर 2x. आता छोट्यांचा आयत आडवा ठेवायचा की उभा, इथे फरक पडतो, x² असताना पडत नव्हता. आडवा ठेवला, वरची कड 2x + 3 आणि डावी x + 1: पट्ट्या उजवीकडे तीन, खाली दोन, एकूण पाच. दोन उरल्या. उभा केला, वरची कड 2x + 1 आणि डावी x + 3: उजवीकडे एक उभी पट्टी, खाली दोन्ही चौरसांखाली तीन-तीन, सहा. एकूण सात. बसलं.

सगळ्या गटांना जमायला बारा मिनिटं लागली. चार गटांनी आधी आडवाच लावला आणि "होत नाही" म्हणून सोडून दिलं होतं. फिरवून बघा, एवढंच सांगावं लागलं.

मग फळ्यावर त्यांना विचारलं, पट्ट्यांचे गट किती-किती झाले. सहा आणि एक. मधलं पद 7x फोडून 6x + x. पुस्तकात आपण ६ आणि १ कसे काढतो, तर २ आणि ३ गुणून ६, आणि सहाचे असे दोन अवयव ज्यांची बेरीज ७. दोनला तीनने का गुणायचं, हे दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि मी "पद्धत आहे" म्हणते. आज आयताकडे बघून सांगता आलं. आयताचे चार भाग आहेत: मोठे चौरस, उजव्या पट्ट्या, खालच्या पट्ट्या, छोटे. वरच्या कडेचे सहगुणक २ आणि १, डाव्या कडेचे १ आणि ३. मोठे चौरस २ × १, छोटे १ × ३, उजव्या पट्ट्या १ × १, खालच्या २ × ३. समोरासमोरच्या कोपऱ्यांचा गुणाकार करा, मोठे गुणिले छोटे आणि पट्ट्या गुणिले पट्ट्या. दोन्हीकडे तेच चार आकडे गुणले जातात, २, १, १, ३, फक्त जोड्या वेगळ्या. म्हणून पट्ट्यांच्या दोन गटांचा गुणाकार नेहमी पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकाच्या गुणाकाराएवढा.

हे समजायला सगळ्यांना एका तासात जमलं नाही. साधारण निम्म्या वर्गाच्या चेहऱ्यावर दिसलं, बाकीच्यांसाठी उद्या 2x² + 5x + 3 तेच चार भाग करून घेणारे.

२२ जुलै

2x² + 5x + 3 मध्ये कालचा "चुकलेला" आडवा आयतच उत्तर निघाला, ते बघून मुलांना मजा वाटली. पट्ट्यांचे गट तीन आणि दोन, गुणाकार सहा. पुन्हा सहा, फक्त बेरीज पाच. कालच्या उरलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना इथे कळलं, दोन उदाहरणं शेजारी-शेजारी असली की कळतं, एकावर नाही. पुढच्या वेळी ही जोडी एकाच तासात.

२३ जुलै

6x² − x − 2. टाइल्स संपल्या. सहा मोठे चौरस एका संचात नाहीतच, दोन गटांनी संच एकत्र केले तर टेबल पुरेना. मला हेच हवं होतं, इथून कागदावर यायचं.

चार खणांची चौकट काढली. वर डाव्या खणात 6x², खाली उजव्या खणात −2. उरलेल्या दोन खणांत पट्ट्या, त्यांचा गुणाकार −12 आणि बेरीज −1, म्हणजे −4x आणि 3x. मग वरच्या ओळीत 6x² आणि −4x, दोघांत सामायिक 2x, तो डावीकडे लिहिला. त्यावरून वरच्या कडेला 3x आणि −2. खालच्या ओळीसाठी डावीकडे १, कारण १ गुणिले 3x म्हणजे 3x, आणि १ गुणिले −2 म्हणजे −2, जुळलं. (2x + 1)(3x − 2).

चूक कुठे होते तर चिन्हाची. तिघांनी 4x आणि −3x लिहिलं, गुणाकार −12 येतोच, बेरीज मात्र +1. चौकट पूर्ण भरते, अवयवही येतात, (3x + 2)(2x − 1), आणि सगळं बरोबर दिसतं, कारण ती 6x² + x − 2 ची चौकट आहे. त्यामुळे शेवटी दोन पट्ट्यांच्या खणांची बेरीज मूळ मधल्या पदाशी ताडून बघणं सक्तीचं केलं, चौकटीच्या खाली एक ओळ त्यासाठी सोडायची.

दोन मुलं अजून टाइल्स मागतात. दिल्या. ती आधी छोटं उदाहरण टेबलावर लावतात आणि मग वहीत चौकट काढतात, वेळ जास्त लागतो पण उत्तर बरोबर येतं.

२५ जुलै

छोटी चाचणी, टाइल्स न वापरता. एक गणित 3x² − 10x + 8. उत्तरपत्रिका बघताना एका मुलीने चौकट न काढता मोठ्या चौरसांची, पट्ट्यांची आणि छोट्यांची खरीखुरी आकृती काढली होती, लाल पेनने दहाच्या दहा पट्ट्या रंगवलेल्या, खाली सहा, उजवीकडे चार, कोपऱ्यात ४ बाय २ पांढरे छोटे, आणि कडेवर बारीक अक्षरात 3x − 4, x − 2. सगळ्यात जास्त वेळ तिला लागला असणार. पुढची दोन गणितं मात्र तिने नुसत्या चौकटीत सोडवलीयेत.

संच नऊच्या नऊ शाबूत आहेत, फक्त सव्वीस छोटे चौरस हरवलेत, ते उद्या कापते.